ठेवा, ठेवणे की ठेवावी? सूचनांची यादी एका वळणावर आणताना

चैत्रात खान्देशातून पायी येणारी माणसं नांदुरीवरून सप्तशृंगगडाकडे जातात. अशा वाटेवर लावायचा एक फलक आपण नमुना म्हणून घेऊ. वर लिहिलंय ‘भाविकांनी –’ आणि खाली यादी :

- पाण्याची बाटली सोबत ठेवा
- भर दुपारी चालणे टाळावे
- प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी
- लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवणे
- प्रथमोपचार केंद्र पायथ्याशी आहे

पाच ओळी, पाच तऱ्हा. पण खरी अडचण चौथ्या ओळीत आहे. चिठ्ठी कोणी ठेवायची? आईबापांनी की स्वयंसेवकांनी? ‘ठेवणे’ हे नुसतं कामाचं नाव झालं, त्यात करणारा दिसत नाही. दोघंही एकमेकांवर सोडतील आणि गर्दीत हरवलेल्या पोराचा खिसा रिकामाच निघेल.

दुरुस्ती मथळ्यापासून करायची. मथळा प्रत्येक ओळीला जोडून मोठ्यानं वाचा. ‘भाविकांनी बाटली ठेवा’ कानाला लगेच खटकतं. ‘भाविकांनी’ म्हटलं की पुढे ‘ठेवावी’ हवं, म्हणजे विध्यर्थ. शेवटची ओळ तर सूचनाच नाही, ती माहिती आहे. तिला ओढूनताणून ‘-वे’ लावू नका, यादीबाहेर काढा. आता बघा :

गडावर पायी जाताना भाविकांनी –

- पाण्याची बाटली सोबत ठेवावी
- भर दुपारी चालू नये
- प्लास्टिकच्या पिशव्या आणू नयेत
- आपल्या लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी

प्रथमोपचार केंद्र : गडाच्या पायथ्याशी

इथे कोणी म्हणेल, ‘ठेवावी’, ‘नये’, ‘नयेत’ हे तरी कुठे सारखं आहे? सारखंच आहे. बाटली स्त्रीलिंगी म्हणून ‘ठेवावी’, पिशव्या अनेक म्हणून ‘नयेत’. लिंग-वचनानं शेपूट बदलतं, रूप तेच राहतं. सारखेपणाच्या हट्टापायी ‘बाटली ठेवावे’ लिहिलं, तर यादी सुधारायच्या नादात मराठी बिघडेल.

हीच यादी भोंग्यावरून सांगायची असेल, तर आज्ञार्थ बरा, तो थेट समोरच्याला सांगतो. पण मग ‘भाविकांनी’ काढून ‘भाविकहो’ म्हणायचं, आणि नकार ‘नका’नं करायचा : बाटली सोबत ठेवा, दुपारी चालू नका.

‘-णे’ टाकाऊ नाही बरं का. ‘स्वयंसेवकांची कामे’ असा मथळा असेल, तर ‘पाणी वाटणे, रांग लावणे, हरवलेल्या मुलांची नोंद करणे’ हेच शोभतं, कारण करणारा मथळ्यातच सांगून झालाय. नकार आला की मात्र ‘-णे’ अडखळतं : ‘पिशव्या न आणणे’ असं कोणी बोलत नाही. यादीत दोन-तीन नकार असतील, तर ‘-वे’ आणि ‘नये’ ही जोडीच घ्या.