एकाच अल्बमच्या चार नोंदी

मोबाइलमधल्या किंवा संगणकावरच्या म्युझिक प्लेअरसाठी अल्बम ही एकसंध वस्तू नसते. त्याच्यासमोर असतात सुट्या फायली, आणि प्रत्येक फायलीच्या पोटात माहितीचे छोटे रकाने: गाण्याचे नाव, गायक, अल्बमचे नाव, गाण्याचा क्रमांक, डिस्कचा क्रमांक. या रकान्यांना टॅग म्हणतात. ज्या फायलींचे ठरावीक टॅग अक्षर न् अक्षर जुळतात, त्या प्लेअर एका अल्बमखाली लावतो आणि क्रमांक पाहून त्यांची रांग करतो. अल्बमचे तुकडे पडणे आणि गाणी पुढेमागे होणे या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा या रकान्यांपर्यंत जाऊन पोहोचतात.

चित्रपटसंगीताला तुकड्यांचा त्रास सर्वांत जास्त होतो, कारण प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा असतो. ‘सैराट’चेच पाहा. २०१६ साली आलेल्या या चित्रपटात गाणी चारच, संगीत अजय-अतुल यांचे. पण ‘याड लागलं’ अजय गोगावले यांच्या आवाजात, ‘आताच बया का बावरलं’ श्रेया घोषाल यांच्या, तर ‘सैराट झालं जी’मध्ये अजय यांच्याबरोबर चिन्मयी. अल्बमचे नाव आणि गायक या दोन रकान्यांवरून गट करणाऱ्या प्लेअरला हे एका नावाचे वेगवेगळे अल्बम वाटतात आणि एकेका गाण्याचे ‘सैराट’ यादीत शेजारीशेजारी उभे राहतात. यासाठीच Album Artist नावाचा स्वतंत्र रकाना असतो. गायकाचा रकाना गाण्यागणिक बदलला तरी चालतो, पण Album Artist चारही फायलींत एकच हवा. तिथे ‘Ajay-Atul’ भरले की चारही गाणी एकत्र येतात. एकीत ‘Ajay-Atul’ आणि दुसरीत मधली रेघ गाळून ‘Ajay Atul’ असेल, तर तुकडे तसेच राहू शकतात. अल्बमच्या नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा पुरते, आणि ती डोळ्यांना दिसत नसल्यामुळे माणूस तासन् तास कारण शोधत बसतो.

क्रम बिघडण्याचे कारण दोन डिस्कच्या अल्बममध्ये सर्वांत स्वच्छ दिसते. बीटल्सच्या १९६८ च्या ज्या अल्बमला सगळे ‘व्हाइट अल्बम’ म्हणतात, त्यात ३० गाणी आहेत: पहिल्या डिस्कवर १७, दुसरीवर १३. दोन्ही डिस्कवरची मोजणी एकपासून सुरू होते. Disc Number हा रकाना रिकामा राहिला, की प्लेअरच्या हाती उरतात दोन एक, दोन दोन, दोन तीन. मग ‘बॅक इन द यू.एस.एस.आर.’ संपले की दुसऱ्या डिस्कवरचे ‘बर्थडे’ लागते आणि त्यानंतर ‘डिअर प्रुडन्स’. ही चूक कानालाही लगेच कळते. मूळ अल्बममध्ये पहिल्या गाण्याअखेरचा विमानाचा आवाज थेट ‘डिअर प्रुडन्स’मध्ये मिसळतो, मध्ये भलतेच गाणे आले की तो सांधा तुटतो. यादीत प्रत्येक क्रमांक दोनदा दिसणे ही याची खूण. Mp3tag सारख्या टॅग दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पहिली १७ गाणी एकदम निवडून डिस्कच्या रकान्यात १ आणि उरलेल्या १३ मध्ये २ भरले की काम होते.

पहिल्यानंतर दहावे, अकरावे आणि मग दुसरे गाणे येत असेल, तर कारण वेगळे असते. तिथे प्लेअर टॅग न वाचता फायलीचे नाव अक्षरांप्रमाणे लावतो, आणि त्या हिशेबात ‘10’ हा ‘2’च्या आधी येतो. नावाच्या सुरुवातीला 01, 02 असे दोन अंकी आकडे दिले की पुरते. कारमधल्या पेन ड्राइव्हवर हा प्रकार बऱ्याचदा आढळतो. अर्थात रकान्यांत हात घालण्याआधी शफल चालू नाही ना, हे पाहिलेले बरे.

स्ट्रीमिंग सेवांवर टॅग ऐकणाऱ्याच्या हातात नसतात. तिथे अल्बम अनेकदा दिसतो, त्यामागे कंपन्यांची नोंदणीची पद्धत असते. प्रत्येक प्रकाशनाला स्वतःचा बारकोड असतो आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा चिन्हांचा आयएसआरसी हा क्रमांक. तेच ध्वनिमुद्रण मूळ अल्बममध्ये, निवडक गाण्यांच्या संग्रहात आणि सिंगल म्हणूनही आले, तर आयएसआरसी तोच राहणे अपेक्षित असते; बारकोड मात्र तिन्हींचे वेगळे. सेवेच्या दृष्टीने बारकोड बदलला की प्रकाशन वेगळे. त्यामुळे नव्याने मिक्स केलेली आवृत्ती, जादा गाण्यांची डीलक्स आवृत्ती, शिवराळ शब्द काढलेली आवृत्ती अशी प्रत्येकाची वेगळी नोंद होते. हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे गेले की नवी कंपनी तोच अल्बम पुन्हा चढवते आणि जुनी नोंद काढली जाते. जुनी जपून ठेवलेल्याच्या यादीत मग गाणी करडी पडून वाजेनाशी होतात. देशागणिक हक्क वेगळे असल्यानेही असे घडते. Spotify अशा वेळी त्याच ध्वनिमुद्रणाची त्या देशात उपलब्ध असलेली दुसरी नोंद वाजवायचा प्रयत्न करते, पण तशी नोंद असेल तरच.

यातली कोणती जपावी, हे ‘व्हाइट अल्बम’वरूनच ठरवून पाहता येते. त्याच्या दोन मोठ्या नोंदी आहेत. एक २००९ च्या रीमास्टरची, म्हणजे जुन्याच मिक्सची स्वच्छ केलेली प्रत. दुसरी २०१८ ची. तिच्यासाठी जाइल्स मार्टिन यांनी मूळ टेपवरून गाणी पुन्हा मिक्स केली. ही आवाजाची खरोखर वेगळी मांडणी आहे, नुसती झळाळी नव्हे. तिच्या सुपर डीलक्स आवृत्तीत डेमो आणि सरावाचे टेक धरून शंभराहून अधिक गाणी आहेत. वर्ष पाहून निवडायला गेले तर फसगत होते, कारण नव्या आवृत्तीपुढेही कधी कधी १९६८ असेच लिहिलेले असते. गाण्याच्या नावापुढची ‘Remastered 2009’ किंवा ‘2018 Mix’ ही चिठ्ठी आणि अल्बमच्या तळाची ℗ चिन्हाची ओळ जास्त खरे सांगतात. सलग अल्बम ऐकायचा असेल तर ३० गाण्यांची २००९ ची नोंद ठेवावी. सुपर डीलक्स ही अभ्यासाची चीज आहे; तिच्यात ३० गाणी संपली की डेमो सुरू होतात आणि अल्बमचा शेवट हरवतो.

चित्रपटाच्या बाबतीत मूळ संगीत कंपनीची, सगळी गाणी असलेली नोंद शोधावी. गाण्यांची संख्या, एकूण कालावधी आणि तळाचे कंपनीचे नाव या तीन गोष्टी ताडल्या की ती बहुधा सापडते. ‘हिट्स’ छापाच्या संग्रहातून गाणे जपले तर ते संग्रहाच्या नावाखाली जाते आणि मूळ अल्बम अर्धा राहतो. Apple Music वर अल्बमच्या पानावर खाली ‘Other Versions’ हा भाग असतो. बाकीच्या आवृत्त्या तिथे मिळतात. एक नोंद ठरली की उरलेल्या लायब्ररीतून काढाव्यात. आणि क्रमांकाची चूक कंपनीनेच पाठवलेल्या माहितीत असेल, तर ऐकणाऱ्याला ती दुरुस्त करता येत नाही. तिथे मूळ कव्हरवरचा क्रम पाहून स्वतःची प्लेलिस्ट लावणे एवढाच मार्ग उरतो.