देवयानीचे अंतर सांगणारा तारा

अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत 1923 च्या ऑक्टोबर महिन्यात एडविन हबल याने देवयानी तारकासमूहातील एका अंधुक, लांबट धुरकट पट्ट्याचे छायाचित्र घेतले. त्या काळी कॅमेऱ्यात काचेची पट्टी असे. पट्टी धुऊन झाल्यावर त्याने तिच्यावरचे तीन नवे ठिपके शाईने खुणावले आणि प्रत्येकापुढे नवतारा या अर्थाचे इंग्रजी अक्षर लिहिले. नवतारा एकदाच भडकतो आणि विझत जातो. पण हबलने त्याच भागाच्या जुन्या पट्ट्या काढून शेजारी ठेवल्या, तेव्हा तिघांपैकी एक ठिपका आधीही दिसलेला होता. कधी ठळक, कधी फिकट, पुन्हा ठळक. त्याने ते अक्षर खोडले आणि तिथे ‘VAR!’ असे लिहिले. हा ठिपका रूपविकारी तारा होता, म्हणजे ज्याचे तेज नियमाने कमीजास्त होते असा तारा.

एवढ्या एका खुणेला इतके महत्त्व का, हे समजायला त्या वेळचा वाद माहीत हवा. देवयानीतला तो पट्टा आपल्या आकाशगंगेतलाच वायूचा ढग आहे, की आकाशगंगेबाहेरचे स्वतंत्र ताराविश्व आहे? हार्लो शॅप्ली आणि हीबर कर्टिस यांनी 1920 साली वॉशिंग्टनमध्ये एकाच व्यासपीठावर परस्परविरोधी बाजू मांडल्या होत्या, पण निकाल लागला नव्हता. अंतर मोजल्याशिवाय तो लागणारही नव्हता.

जवळच्या ताऱ्याचे अंतर भूमितीने मिळते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने पाहिले तर जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्याला पराशय म्हणतात. तारा जितका दूर, तितका पराशय कमी. देवयानीतल्या ताऱ्यांचा पराशय तर त्या काळच्या कोणत्याही उपकरणाच्या आवाक्याबाहेर होता. दुसरा मार्ग तेजाचा. ताऱ्याचे मूळ तेज किती आणि आपल्यापर्यंत किती पोहोचते, हे दोन्ही कळले की अंतर काढता येते, कारण अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा प्रकाश चौथाई होतो. अडचण अशी, की फिकट दिसणारा तारा जवळचा पण मुळातच मंद आहे, की फार तेजस्वी पण दूरचा आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

ही अडचण हेन्रिएटा स्वान लेव्हिट यांनी सोडवली होती. हार्वर्ड वेधशाळेत त्या छायाचित्रांच्या पट्ट्या तपासण्याचे काम करीत. वेधशाळेच्या पेरू देशातील केंद्रातून दक्षिण आकाशाच्या पट्ट्या येत. त्यांत मॅजेलनचे दोन मेघ होते, म्हणजे डोळ्यांना ढगासारखे दिसणारे ताऱ्यांचे दोन समूह. लेव्हिट यांनी 1908 साली या मेघांतल्या 1777 रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यातच त्यांनी नोंदवले, की अधिक तेजस्वी ताऱ्यांचे आवर्तन अधिक लांब असते. 1912 साली त्यांनी लहान मेघातले 25 तारे घेऊन हा संबंध पक्का केला. सर्वांत जलद ताऱ्याचे चक्र सव्वा दिवसाचे होते, तर सर्वांत संथ ताऱ्याचे 127 दिवसांचे. आवर्तकाल वाढत गेला तसे तेजही ठरावीक प्रमाणात वाढत गेले.

यातला कळीचा मुद्दा तारे निवडण्यात आहे. लहान मेघ इतका दूर आहे, की त्यातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत असे धरता येते. म्हणून तिथे जो तारा जास्त ठळक दिसतो तो खरोखरच जास्त तेजस्वी असतो. आकाशात विखुरलेले तारे घेतले असते तर अंतराच्या गोंधळात हा नियम दिसलाच नसता.

अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. वृषपर्वा तारकासमूहातल्या डेल्टा या ताऱ्यावरून हे नाव पडले. त्याचे बदलणारे तेज जॉन गुडरिक या ऐकू न येणाऱ्या तरुण इंग्रज निरीक्षकाने 1784 साली ओळखले होते. सेफीड तारे सूर्यापेक्षा कितीतरी मोठे असतात आणि ते ठरावीक तालात फुगतात व आकसतात. ताऱ्याच्या बाहेरच्या भागात हेलियमचा एक थर असतो. तारा आकसला की तो थर तापतो, हेलियमच्या अणूतले उरलेले इलेक्ट्रॉनही सुटतात आणि थर अपारदर्शक होतो. आतून येणारी उष्णता तिथे अडकते, दाब वाढतो आणि उकळत्या भांड्यावरचे झाकण उचलले जावे तसा बाहेरचा भाग वर ढकलला जातो. फुगताना थर थंड होतो, इलेक्ट्रॉन परत अणूंना चिकटतात, थर पारदर्शक होऊन अडलेली उष्णता निसटते आणि तारा पुन्हा आकसतो.

आता आवर्तकालाचा तेजाशी संबंध का, हेही उलगडते. मोठ्या ताऱ्याचे बाहेरचे थर विरळ असतात, त्यामुळे एक फुगवटा पूर्ण व्हायला जास्त वेळ लागतो. आणि मोठा तारा, पृष्ठभाग मोठा म्हणून, अधिक प्रकाश देतो. संथ ताल म्हणजे मोठे शरीर आणि मोठे शरीर म्हणजे जास्त तेज. आपला ध्रुवतारासुद्धा सेफीड आहे. त्याचे चक्र सुमारे चार दिवसांचे आहे, पण तेजातला फरक इतका थोडा की डोळ्यांना तो जाणवत नाही.

हबल पुढचे काही महिने देवयानीतल्या त्या ताऱ्याच्या पट्ट्या घेत राहिला. तेज झपाट्याने वाढायचे आणि हळूहळू उतरायचे. ही सेफीडची ओळखीची चाल होती. आवर्तकाल आला 31.4 दिवस. फेब्रुवारी 1924 मध्ये त्याने हे शॅप्लीला पत्राने कळवले.

त्यातून अंतर कसे निघते, ते आजच्या आकड्यांनी करून पाहू. सुमारे 31 दिवसांचे आवर्तन असलेल्या सेफीडचे सरासरी तेज सूर्याच्या जवळपास 10,000 पट असते. सूर्य 32.6 प्रकाशवर्षांवर नेऊन ठेवला, तर तो नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणारा, 4.8 प्रतीचा तारा होईल. प्रत हे तेजाचे उलटे माप आहे, आकडा जितका मोठा तितका तारा फिकट. आपला सेफीड सूर्याच्या 10,000 पट तेजस्वी, म्हणजे तो 100 पट दूर, 3260 प्रकाशवर्षांवर असला तरी तितकाच दिसेल. प्रत्यक्षात वाटेतल्या धुळीचा परिणाम वजा करूनही त्याची सरासरी प्रत 19 च्या थोडी पुढे येते. म्हणजे तो त्या 4.8 प्रतीच्या ताऱ्यापेक्षा सुमारे पावणेसहा लाख पट फिकट आहे. या संख्येचे वर्गमूळ सुमारे 760. तेव्हा 3260 ला 760 ने गुणायचे. उत्तर येते सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे.

हबलचे उत्तर मात्र नऊ लाखांच्या आसपास होते. वादाचा निकाल लावायला तेवढेही पुरेसे होते. शॅप्लीच्या स्वतःच्या हिशोबाने आकाशगंगेचा व्यास तीन लाख प्रकाशवर्षे होता, म्हणजे देवयानी तिच्या फार बाहेर पडत होती. 1 जानेवारी 1925 रोजी हबलचा निबंध वॉशिंग्टनमधील खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत वाचला गेला आणि आकाशगंगेपलीकडेही दीर्घिका आहेत हे सिद्ध झाले.

पण नऊ लाख आणि पंचवीस लाख यांच्यात एवढी तफावत कशी? ही चूक वॉल्टर बाडे या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने शोधली. दुसऱ्या महायुद्धात तो माउंट विल्सनवरच होता. लॉस एंजेलिसचे दिवे युद्धामुळे मंद केलेले, त्यामुळे आकाश काळेभोर. त्याला देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे दिसले आणि ताऱ्यांच्या दोन वेगळ्या जाती आहेत हे ध्यानात आले: एक तरुण, दुसरी जुनी. पुढे पालोमार येथे 200 इंची दुर्बीण आली. आरआर लायरी नावाचे जुन्या जातीचे स्पंदन करणारे लहान तारे आहेत. हबलचे अंतर खरे असेल, तर ते या दुर्बिणीच्या छायाचित्रांत दिसायलाच हवे होते. ते दिसले नाहीत. त्यांच्याहून सुमारे चौपट तेजस्वी असलेले तांबडे राक्षसी तारेच तेवढे दृश्यमर्यादेवर उमटत होते. याचा अर्थ एकच होता: देवयानी त्याहून दूर आहे.

चुकीचे मूळ सेफीडमध्येच होते. सेफीडही दोन जातींचे असतात. आवर्तकाल तोच असला तरी जुन्या जातीचा सेफीड तरुण जातीच्या सेफीडपेक्षा सुमारे चौपट मंद असतो. आधीच्या मोजणीत दोघांना एकच नियम लावला होता. हबलने पाहिलेले सेफीड तरुण जातीचे होते, म्हणजे मानले होते त्याच्या चौपट तेजस्वी. तेज चौपट म्हणजे अंतर दुप्पट. बाडेने 1952 साली रोम येथील आंतरराष्ट्रीय खगोल परिषदेत हे मांडले आणि दीर्घिकांची सगळी अंतरे दुप्पट झाली. त्याबरोबर विश्वाचे वयही दुप्पट झाले. त्याआधीच्या हिशोबात विश्व पृथ्वीवरच्या खडकांपेक्षाही तरुण ठरत होते, तो पेचही सैल झाला. उरलेली तफावत पुढे धूळ आणि प्रतींची मोजपट्टी अधिक काटेकोर केल्यावर भरून निघाली.

म्हणून आज सेफीड वापरताना तीन गोष्टी तपासल्या जातात. तो कोणत्या जातीचा आहे, हे प्रकाशवक्राच्या आकारावरून आणि तो तरुण ताऱ्यांच्या वस्तीत आहे का यावरून ठरते. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि अवरक्त कमी, म्हणून मोजणी अवरक्त प्रकाशातही करतात. आणि दूरच्या दीर्घिकेत शेजारच्या ताऱ्यांचा उजेड मिसळून सेफीड खोटा ठळक दिसू शकतो. हे मिसळणे ओळखायला हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींच्या तीक्ष्ण चित्रांचा उपयोग होतो. गाया या उपग्रहाने आकाशगंगेतल्या सेफीडचे पराशय मोजल्यामुळे मूळ मोजपट्टीही आता पक्की आहे.

सेफीडचा ताल पाहायला दुर्बीण लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला वृषपर्वा शोधा. डेल्टाच्या शेजारीच झीटा आणि एप्सिलॉन हे दोन तारे आहेत, तिघांचा छोटा त्रिकोण होतो. डेल्टा ठळक असताना जवळजवळ झीटाइतका दिसतो आणि उतरल्यावर एप्सिलॉनपेक्षाही किंचित फिकट. रोज रात्री तो कोणाच्या जवळ आहे एवढेच वहीत लिहा. दोनतीन आठवड्यांत तुमच्या वहीतही 5.37 दिवसांचा तो ताल उतरेल.