दोन चुकांचे बरोबर दिसणारे उत्तर

मॉडबस ही १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी आखलेली संदेशपद्धती आज वीजमीटरपासून पंपाच्या ड्राइव्हपर्यंत सगळीकडे आढळते. तिच्यात आकडे रजिस्टरांत राहतात आणि एका रजिस्टरात १६ बिट, म्हणजे दोन बाइट मावतात. होल्डिंग रजिस्टर वाचताही येतात आणि त्यांत लिहिताही येते, म्हणून उपकरणाच्या सेटिंग तिथे ठेवतात. इनपुट रजिस्टर मात्र फक्त वाचायचे असतात. मोजलेले व्होल्टेज किंवा करंट सहसा तिथे मिळते, पण हा दंडक सगळे उत्पादक पाळतातच असे नाही.

माहितीपुस्तकात होल्डिंग रजिस्टरांचे क्रमांक ४०००१ पासून आणि इनपुट रजिस्टरांचे ३०००१ पासून छापलेले असतात. यातला पहिला ४ किंवा ३ तारेवरून कधीच जात नाही. कोणता तक्ता हवा, हे फंक्शन कोड सांगतो: होल्डिंगसाठी ०३, इनपुटसाठी ०४. उरलेला पत्ता शून्यापासून मोजला जातो. म्हणजे ३०००१ चा पत्ता ०, आणि ४०००१ चाही ०. कोड चुकला तर उपकरण एकतर नकार देते किंवा भलत्याच तक्त्यातला आकडा बिनतक्रार हाती ठेवते.

दशांश आकड्याला ३२ बिट लागतात, म्हणून तो शेजारच्या दोन रजिस्टरांत विभागला जातो. एका रजिस्टरातला वरचा बाइट आधी पाठवायचा, हे मॉडबसने ठरवून दिले आहे. दोन रजिस्टरांपैकी वजनदार अर्धा कोणत्यात, हे मात्र ठरवलेले नाही. ही मोकळीक महागात पडते.

ईस्ट्रॉनच्या एसडीएम६३० या थ्री-फेज मीटरमध्ये ३०००१ पासून आर, वाय आणि बी फेजचे व्होल्टेज आणि ३०००७ पासून आर फेजचा करंट असतो. वजनदार अर्धा आधी येतो. समजा, प्रत्यक्ष व्होल्टेज २३०.४, २३१.५ आणि २२९.० आहे आणि करंट १२.५ अँपिअर. मग रजिस्टर असे भरलेले असतील:

```
30001  4366
30002  6666
30003  4367
30004  8000
30005  4365
30006  0000
30007  4148
30008  0000
```

आता सॉफ्टवेअरला शून्यापासूनचा पत्ता हवा आहे आणि जोडणाऱ्याने ३०००१ पाहून १ टाकला, असे धरू. वाचन ३०००२ पासून सुरू होते. हाती येते `6666 4367`, आणि आर फेजचे व्होल्टेज दिसते साधारण २.७ × १०²³. असा राक्षसी आकडा पाहिला की बहुतेकांना आधी क्रमच उलटा असल्याची शंका येते. सेटिंगमध्ये दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल केली की `4367 6666` होते आणि पडद्यावर २३१.४ उमटते. काम झाले, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात तो आकडा वाय फेजचा आहे. वजनदार अर्धा वायचा आणि हलका अर्धा आरचा, अशी ती जोडणी आहे. १२८ ते २५६ या पट्ट्यात हलक्या अर्ध्याची सगळी उलथापालथ एका व्होल्टच्या आतच राहते, त्यामुळे नजरेला काही खटकत नाही. वायच्या नावाखाली बीचे व्होल्टेज येते, तेही निमूट. बिंग फुटते ते बी फेजवर: तिथे ३०००६ आणि ३०००७ जोडले जातात आणि व्होल्टेज दिसते १२.५. पण कोणी फक्त आर फेजच नोंदवत असेल, तर ही चूक वर्षानुवर्षे टिकू शकते.

म्हणून सेटिंग चाचपडत बसण्याऐवजी आधी ओळीने सात-आठ रजिस्टर कच्च्या हेक्स स्वरूपात वाचावेत. २३० व्होल्टच्या आसपासचा आकडा `43` ने सुरू होतो. तो वाचनाच्या पहिल्याच जागी सापडला, तर पत्ता आणि क्रम दोन्ही बरोबर असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या जागी सापडला, तर एक तर पत्ता एकाने चुकला आहे किंवा उपकरण हलका अर्धा आधी ठेवते; आणि फेजची व्होल्टेज इतकी सारखी असतात की निव्वळ त्यांवरून हा निवाडा होत नाही. `4366` ऐवजी `6643` दिसले, तर रजिस्टरातले बाइटच उलटे येत आहेत.

निवाड्याला वारंवारता उपयोगी पडते. या मीटरमध्ये ती ३००७१ वर, म्हणजे पत्ता ७० वर असते. भारतीय ग्रिडवर ती ५० हर्ट्झच्या जवळ राहते, म्हणून वजनदार अर्धा बहुधा `4247` किंवा `4248` असतो, आणि तिच्या शेजारी तिच्यासारखा दुसरा आकडा नसतो. पत्ता ७० मागितल्यावर हा अर्धा पहिल्याच जागी आला, तर दोन्ही सेटिंग बरोबर आहेत. तो दुसऱ्या जागी आला, तर पत्ता एकाने चुकला आहे की क्रम उलटा आहे, हे पाहायला पुस्तकातला क्रम आणि सॉफ्टवेअरची मोजणी शून्यापासून आहे की एकापासून, या दोन्ही नोंदी हाताशी लागतात.