लिंकच्या शेपटीत कमिशन

‘लिंक खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिली आहे.’ मराठी यूट्यूबवर रेसिपीचा व्हिडिओ असो, मोबाइलची ओळख असो की परसबागेचे सल्ले, हे वाक्य ऐकू आलं नाही असं क्वचितच होतं. प्रेक्षक खाली जातो, निळ्या अक्षरांवर बोट ठेवतो आणि थेट दुकानाच्या पानावर पोचतो. तिथे मिक्सर तोच असतो आणि किंमतही तीच. फरक असतो तो पत्त्याच्या शेवटी. घाईत तो कुणी वाचत नाही, आणि छोटी केलेली लिंक असेल तर तो दिसतही नाही.

समजा, एका रेसिपी चॅनलने मिक्सर सुचवला आहे. त्याच मिक्सरच्या पानाचे हे दोन पत्ते पाहा. यातला वस्तूचा क्रमांक आणि चॅनलची खूण केवळ नमुन्यासाठी आहेत.

```
https://www.amazon.in/dp/B0ABCD1234
https://www.amazon.in/dp/B0ABCD1234?tag=swayampak-21
```

पहिली साधी लिंक. ‘अमुक दुकानात, अमुक कप्प्यात ही वस्तू आहे’ एवढंच ती सांगते. दुसरी अफिलिएट लिंक. प्रश्नचिन्हानंतरचा `tag=` हा भाग दुकानाला कळवतो की हे गिऱ्हाईक अमक्याने पाठवलं. या भागातलं `swayampak-21` हे चॅनलचालकाच्या खात्याचं नाव. गिऱ्हाइकाने खरेदी केली की ठरलेल्या टक्क्यांनी कमिशन त्या खात्यात जमा होतं. देवस्थानाच्या गावात रिक्षावाला ‘चांगलं लॉज दाखवतो’ म्हणतो आणि लॉजवाला त्याला मागच्या दाराने काही देतो, तसाच हा व्यवहार आहे. फक्त इथे हिशेब संगणक ठेवतो.

हा प्रकार नवा नाही. ॲमेझॉनने आपला ‘असोसिएट्स’ कार्यक्रम 1996 साली सुरू केला, तेव्हा ती केवळ पुस्तकं विकणारी कंपनी होती. आज जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांचा आणि चॅनलांचा खर्च याच वाटेने निघतो, आणि त्यात मुळात गैर काही नाही.

लिंकवर बोट ठेवल्यावर पुढे काय घडतं ते मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. क्लिक झाल्याबरोबर दुकान त्या फोनच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवतं. तिला कुकी म्हणतात. ॲमेझॉनच्या नियमानुसार तिची मुदत साधारण 24 तासांची असते. या मुदतीत गिऱ्हाइकाने तो मिक्सर न घेता मुलासाठी बूट आणि घरासाठी चादर घेतली, तरी त्या खरेदीचं कमिशन सहसा मिक्सरची लिंक देणाऱ्यालाच मिळतं. दरम्यान गिऱ्हाइकाने दुसऱ्या कुणाची अफिलिएट लिंक दाबली, तर पहिल्याची नोंद पुसली जाते आणि कमिशन दुसऱ्याकडे जातं. वस्तू परत केली की कमिशनही परत जातं.

आकड्यांत मांडायचं तर 4000 रुपयांच्या मिक्सरवर 5 टक्के दर धरू. चॅनलला 200 रुपये मिळतील. प्रत्यक्षातले दर वस्तूच्या प्रकारानुसार बदलतात आणि कंपनी ते अधूनमधून कमी-जास्त करते. हे 200 रुपये दुकान आपल्या नफ्यातून देतं, गिऱ्हाइकाच्या बिलात ते वेगळे लागत नाहीत. म्हणूनच ‘तुम्हाला काही जास्त पडत नाही’ असं चॅनलवाले सांगतात, आणि ते खरंही असतं.

मग उघड सांगायची गरज काय? प्रश्न किमतीचा नाहीच, तो सल्ल्याचा आहे. मिक्सर चांगला म्हणणाऱ्याला तो विकला गेल्यावर पैसे मिळणार असतील, तर ऐकणारा त्याचं म्हणणं थोडं वेगळ्या तराजूत तोलेल. तोलण्याची ही संधी त्याला मिळायला हवी.

ती न मिळाल्याचं एक जुनं प्रकरण आजही सांगण्याजोगं आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथे ‘लेगसी लर्निंग सिस्टिम्स’ नावाची कंपनी गिटार शिकवणाऱ्या डीव्हीडी विकत असे. तिने इंटरनेटवर अफिलिएट नेमले होते. त्यांनी लेख आणि परीक्षणं लिहायची, सोबत लिंक द्यायची आणि विक्रीमागे कमिशन घ्यायचं. वाचकाला वाटे, आपल्यासारख्याच एखाद्या शिकाऊ माणसाने किंवा तटस्थ परीक्षकाने कौतुक केलं आहे. या वाटेने 50 लाख डॉलरहून अधिक विक्री झाली. मार्च 2011 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहिताच्या सरकारी यंत्रणेने, या प्रकरणात अडीच लाख डॉलरची तडजोड जाहीर केली. त्यातली एक अट रकमेहून मोलाची होती: सर्वाधिक विक्री करून देणाऱ्या 50 अफिलिएटांवर कंपनीने दर महिन्याला नजर ठेवायची आणि ते कमिशनची गोष्ट उघड सांगतात का, ते तपासायचं. लिहिणारा आपला नोकर नाही, असं म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत, हे त्या अटीने स्पष्ट झालं.

भारतात हा विषय कायद्याच्या कक्षेत आला तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मुळे. त्याखालच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक साधी कसोटी आहे. शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यात असा संबंध असेल की ज्यामुळे शिफारशीचं वजन बदलू शकतं, आणि प्रेक्षकाला तो संबंध एरवी अपेक्षित नसेल, तर तो पूर्णपणे उघड करावा. विक्रीमागे मिळणारं कमिशन या कसोटीत सरळ बसतं. पाठोपाठ जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी वेगळी पुस्तिका काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं.

त्या पुस्तिकेतल्या दोन सूचना मराठी चॅनलांनी फळ्यावर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, खुलासा हॅशटॅगांच्या किंवा लिंकांच्या गर्दीत मिसळू नये. दुसरी, ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत खुलासा. वीस मिनिटं अस्खलित वऱ्हाडीत बोलायचं आणि कमिशनचं तेवढं इंग्रजीत, तेही तळाशी बारीक अक्षरांत टाकायचं, हे या सूचनेत बसत नाही. ॲमेझॉन आपल्या असोसिएटांकडून एक ठरावीक इंग्रजी वाक्य मागते, त्याने कंपनीची अट पुरी होते. पण ‘क्वालिफाइंग परचेस’ म्हणजे काय, हे सोलापूरच्या एखाद्या आजींना त्यातून कसं कळावं? ते वाक्य ठेवावंच, शिवाय मराठीतही सांगावं.

नुसतं ‘अफिलिएट लिंक’ एवढं लिहूनही भागत नाही. या शब्दांतून पैशाचा संबंध वाचकाला उमगेलच असं नाही, असं अमेरिकी आयोगानेही आपल्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. मिक्सरच्या आपल्या चॅनलला असं लिहिता येईल:

‘खालच्या लिंकवरून खरेदी केलीत तर आम्हाला दुकानाकडून कमिशन मिळतं. तुमची किंमत बदलत नाही. मिक्सर आम्ही स्वतः विकत घेतला आहे.’

यातलं शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. मिक्सर कंपनीने फुकट पाठवला असेल, तर तो वेगळा संबंध झाला आणि तोही वेगळा सांगायला हवा.

शब्दांइतकीच जागाही महत्त्वाची. यूट्यूबवर डिस्क्रिप्शनच्या सुरुवातीच्या ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर उघडून पाहावा लागतो. खुलासा पंधरा लिंकांच्या खाली असेल तर तो वाचण्याआधीच बोट लिंकवर पडलेलं असतं. म्हणून तो पहिल्या लिंकच्या वर हवा. काही जण व्हिडिओ पाहतात पण डिस्क्रिप्शन उघडत नाहीत, आणि नंतर आठवणीने तोच मिक्सर शोधतात. त्यांच्यासाठी मिक्सर हातात धरलेला असतानाच तोंडी एक वाक्य बोलावं. लेखात खुलासा मजकुराच्या सुरुवातीला यावा. संकेतस्थळाच्या तळाशी ‘अस्वीकरण’ नावाच्या वेगळ्या पानावर तो ठेवणं म्हणजे न सांगण्यातच जमा आहे.

लेख लिहिणारे आणखी एका बाबतीत गफलत करतात. गूगलने सप्टेंबर 2019 पासून पैशाशी जोडलेल्या लिंकांसाठी एक खूण सुचवली आहे. लिंकच्या कोडमध्ये ती अशी लिहितात:

```html
<a href="https://www.amazon.in/dp/B0ABCD1234?tag=swayampak-21" rel="sponsored">मिक्सर</a>
```

ती जरूर लावावी, पण ती शोधयंत्रासाठी आहे. वाचकाच्या पडद्यावर फक्त ‘मिक्सर’ हा शब्द उमटतो. गूगलला सांगितलं म्हणजे वाचकाला सांगितलं असं होत नाही.

वाचकाला स्वतःहून ओळखता येईल का? बऱ्याचदा येतं. लिंक उघडल्यावर ब्राउझरच्या पट्टीत `tag=` दिसलं तर ओळख पटली. `amzn.to` ने सुरू होणारी छोटी लिंक बहुधा याच प्रकारची असते, पण ती उघडल्याशिवाय आतलं कळत नाही, आणि ती ॲपमध्ये उघडली तर पट्टीच दिसत नाही. उलट, पत्ता लांबलचक आहे म्हणून लगेच संशय घ्यायचंही कारण नाही. `utm_source` असलेला भाग साधारणपणे वाचक कुठून आला एवढंच मोजतो, त्यात कमिशन असेलच असं नाही.

खुलासा केला तरी एक गोष्ट झाकलेली राहतेच. ‘पाच सर्वोत्तम मिक्सर’ या यादीत जे पाच आले ते दिसतात, जे आले नाहीत ते दिसत नाहीत. रविवार पेठेतल्या दुकानात मिळणारा, दुरुस्तीला सोपा, स्थानिक बनावटीचा मिक्सर कदाचित सरस असेल, पण त्याला लिंक लावता येत नाही आणि त्याचं कमिशनही नाही. अमेरिकेतलं ‘वायरकटर’ हे वस्तुपरीक्षणाचं संकेतस्थळ मुख्यतः अफिलिएट कमिशनवर उभं राहिलं. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने 2016 मध्ये ते सुमारे 3 कोटी डॉलरना विकत घेतलं. लिंकवरून कमिशन मिळू शकतं हे तिथे वाचकाला सांगितलेलं असतं, आणि वस्तू निवडणाऱ्या संपादकांना कमिशनच्या व्यवहारांपासून दूर ठेवल्याचं संस्था सांगते. एकट्याने चालवलेल्या चॅनलवर अशी भिंत घालता येत नाही, कारण निवडणारा आणि कमावणारा एकच असतो. त्याने निदान एखादी बिनलिंकेची वस्तू यादीत घ्यावी आणि दाखवलेल्या वस्तूचे दोष मोकळेपणी सांगावेत. पाचही मिक्सर निर्दोष असतील, तर खुलासा कितीही ठळक असला तरी ती यादी जाहिरातच समजावी.

शिफारशीमागचा पैसा लपवून कुणी दिशाभूल केली असं वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्याआधी व्हिडिओचा दुवा आणि डिस्क्रिप्शनचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण डिस्क्रिप्शन कधीही बदलता येतं.