काटा हलत नाही, पण नाडी सांगते

वजनकाट्यावर उभे राहिले की काटा थोडा थरथरतो आणि एका आकड्यावर स्थिर होतो. समजा, तो ७४ किलोग्रॅमवर थांबला. या ७४ किलोग्रॅममध्ये काय काय आले? हाडे आली, स्नायू आले, चरबी आली. नुकतेच प्यायलेले तांब्याभर पाणी आले आणि पोटातले अन्नही आले. काटा या साऱ्यांची फक्त बेरीज सांगतो. बेरजेतील एक पद कमी झाले आणि दुसरे तेवढेच वाढले, तर उत्तर तेच राहते, हे बीजगणित शिकलेल्या तुम्हांला सांगायला नको.

रोज चालण्याचा व्यायाम सुरू करणाऱ्या अनेक मोठ्या माणसांना महिन्याभरात हाच अनुभव येतो. काटा जिथल्या तिथे असतो आणि “काही उपयोग नाही” असे म्हणून व्यायाम सुटतो. वास्तविक शरीरात बदल झालेले असतात, पण ते काट्याला दिसत नाहीत. मग ते मोजायचे कसे? त्यासाठी सेकंदकाटा असलेले घड्याळ, आखलेले मैदान आणि हाताची दोन-तीन बोटे पुरेशी आहेत.

काटा का अडतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ४५ वर्षांचे एक शिक्षक आहेत. वजन ७४ किलोग्रॅम. ते शाळेच्या मैदानावर रोज अर्धा तास भरभर चालू लागले. आहार पूर्वीचाच ठेवला. अर्धा तास नुसते बसून राहण्यापेक्षा असे चालण्यात सुमारे १०० कॅलरी अधिक खर्च होतात. (आहारशास्त्रातील कॅलरी म्हणजे किलोकॅलरी.) शरीरातील एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे ८ आठवड्यांच्या ५६ दिवसांत ५,६०० कॅलरी खर्च झाल्या, तर चरबी साधारण ७०० ग्रॅम घटेल.

आता दुसरी बाजू पाहा. सकाळचे आणि रात्रीचे वजन यांत पाणी, अन्न व मीठ यांमुळे एखाद्या किलोग्रॅमचा फरक सहज पडतो. दोन महिन्यांतला बदल जर एका दिवसातल्या चढउतारापेक्षा लहान असेल, तर तो काट्यावर ओळखायचा कसा?

शिवाय व्यायामामुळे काही गोष्टी वाढतातही. स्नायू आपले इंधन ग्लायकोजेन या रूपात साठवतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. व्यायामाची सवय झालेला स्नायू अधिक साठा करतो. ५० ग्रॅम ग्लायकोजेन वाढले, तर वजन २०० ग्रॅमने वाढले. रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, हाही वाढतो. प्रौढ माणसात तो सुमारे ३ लिटर असतो. त्यात दहा टक्के भर पडली, तर आणखी ३०० ग्रॅम झाले. म्हणजे आपल्या शिक्षकांची चरबी ७०० ग्रॅम घटली, पण इतर भर ५०० ग्रॅमची पडली. काटा ७४ वरून ७३.८ वर आला, म्हणजे जवळजवळ हललाच नाही. मात्र ही जी भर पडली, तीच त्यांच्या प्रगतीचा एक भाग आहे. ती कशी, ते नाडीवरून कळेल.

नाडी मंद का होते?

स्वस्थ बसलेल्या प्रौढाच्या शरीराला दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त लागते. हृदय ते ठोक्याठोक्याने पुरवते. शिक्षकांची नाडी प्रारंभी मिनिटाला ७६ होती. ५,००० मिलिलिटरला ७६ ने भागा. दर ठोक्यास सुमारे ६६ मिलिलिटर रक्त बाहेर पडत होते.

रक्तद्रव वाढल्यावर दोन ठोक्यांमधील विश्रांतीत निलय अधिक भरतो. रबरी फुगा जितका ताणाल तितका तो जोराने आक्रसतो. हृदयाचा स्नायूही अधिक ताणला गेला की अधिक जोराने आकुंचन पावतो. मग दर ठोक्यास समजा ७१ मिलिलिटर रक्त बाहेर पडू लागले. शरीराची विश्रांतीतील गरज तर ५ लिटरचीच आहे. ५,००० ला ७१ ने भागले की उत्तर येते ७०. तेवढेच काम आता ७० ठोक्यांत होते.

हा वेग कमी कोण करते? हृदयाच्या उजव्या अलिंदात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो ठोक्यांचे संदेश निर्माण करतो. त्याला मोकळे सोडले, तर तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. परंतु मेंदूकडून आलेले व्हेगस मज्जातंतू त्याला सतत आवरून धरतात, जणू सायकलचा ब्रेक हलकासा दाबलेला असावा. नियमित व्यायामाने या साऱ्या यंत्रणेची घडी बदलते आणि विश्रांतीतला वेग उतरतो. सहा ठोके म्हणजे थोडेच, असे वाटेल. पण दिवसात १,४४० मिनिटे असतात. याच हिशोबाने हृदयाचे दिवसाकाठी ८,६४० ठोके वाचतात!

ही नाडी मोजायची ती सकाळी जागे झाल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी आणि चहा घेण्यापूर्वी. तर्जनी व मधले बोट दुसऱ्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याचीच नाडी जाणवून घोटाळा होतो. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणले आणि एक ठोका चुकला, तर उत्तर चारने चुकते. आपल्याला शोधायचा फरकच मुळी पाच-सहा ठोक्यांचा आहे. ताप, जागरण, परीक्षेची धास्ती किंवा वैशाखातला उकाडा यांनीही नाडी जलद होते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. लागोपाठ पाच सकाळी मोजून सरासरी काढावी.

घड्याळ लावून चालणे

१९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. १२ मिनिटांत सैनिक किती अंतर धावतो, यावरून त्याची क्षमता अजमावायची. पण फुप्फुसाचे रुग्ण धावणार कसे? म्हणून १९७६ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी धावण्याऐवजी १२ मिनिटे चालण्याची चाचणी वापरली. १९८२ मध्ये ६ मिनिटेही पुरतात, असे दिसून आले. ही ६ मिनिटांची चाचणी आजही रुग्णालयांत घेतात.

धडधाकट माणसाला मात्र ती फार सोपी जाते. त्याच्यासाठी एक मैल, म्हणजे सुमारे १,६०० मीटर, न धावता शक्य तितक्या भरभर चालायचे आणि शेवटी नाडी मोजायची, ही रीत बरी. मैदानावर चुन्याची फक्की टाकून २०० मीटरचे वर्तुळ आखले, की आठ फेऱ्या झाल्या.

थांबताच नाडी झपाट्याने उतरू लागते. त्यामुळे येथे पूर्ण मिनिट मोजून चालणार नाही. थांबल्याबरोबर पहिली १५ सेकंदे मोजून चारने गुणायचे. मग सावकाश उभे राहायचे आणि थांबल्यापासून एक मिनिट झाले की पुन्हा १५ सेकंदे मोजायची. आपल्या शिक्षकांचे आकडे असे आले:

| मापन | प्रारंभी | ८ आठवड्यांनी |
|---|---|---|
| वजन (किलोग्रॅम) | ७४.० | ७३.८ |
| सकाळची नाडी | ७६ | ७० |
| १,६०० मीटरला लागलेला वेळ | १७ मि. २० से. | १५ मि. ४० से. |
| थांबताच नाडी | १३२ | १३२ |
| एका मिनिटानंतर नाडी | ११६ | १०४ |

वेळ आणि थांबतानाची नाडी या दोन ओळी एकत्र वाचा. वेळ १०० सेकंदांनी घटला. म्हणजे वेग ताशी साडेपाच किलोमीटरवरून सहाच्या थोडा वर गेला. तरीही हृदयाचा वेग तोच राहिला. तेवढ्याच श्रमात अधिक काम झाले, हीच खरी प्रगती. समजा, वेळ घटला असता पण नाडी १३२ वरून १५२ झाली असती, तर? तर शिक्षक त्या दिवशी केवळ अधिक जोर लावून चालले, एवढेच कळले असते. म्हणून नाडीवाचून नुसता वेळ फसवा असतो.

शेवटची ओळही बोलकी आहे. प्रारंभी एका मिनिटात नाडी १६ ने उतरली होती, आता २८ ने उतरते. श्रम थांबताच व्हेगसचा ब्रेक किती लवकर लागतो, हे त्यावरून कळते. १९९९ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी हृदयतपासणीसाठी आलेल्या २,४२८ प्रौढांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांची नाडी पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढील सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. अर्थात ती मोजणी फिरत्या पट्ट्यावर आणि यंत्राने केलेली होती; मैदानावर बोटांनी मोजलेल्या आकड्याला ती मर्यादा जशीच्या तशी लावू नये. आपण आपल्याच जुन्या आकड्याशी तुलना करावी.

कोठे चूक होते?

पहिल्या चाचणीत माणसाला वेग कसा राखायचा हे कळत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी आकडा नुसत्या सरावानेच सुधारतो. तेव्हा प्रारंभीच दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा चाला आणि पहिला आकडा सोडून द्या. तेच मैदान, तीच वेळ व तीच पादत्राणे ठेवा. भर उन्हातली चाचणी आणि थंडीतल्या सकाळची चाचणी यांची तुलना होऊ शकत नाही. १५ सेकंदांच्या मोजणीत चार ठोक्यांची चूक गृहीतच धरा.

मंद नाडी म्हणजे नेहमीच सुदृढ हृदय, असेही नाही. रक्तदाबावरील काही औषधांनी नाडी मंदावते आणि काही आजारांतही ती मंद होते. मंद नाडीबरोबर घेरी येत असेल, किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर चाचणी थांबवून डॉक्टरांकडे जावे. हृदयविकार असलेल्यांनी त्यांना आधी विचारूनच चालावे.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वाढत्या वयात उंचीबरोबर वजन वाढायलाच हवे आणि विश्रांतीतली नाडी वयाबरोबर आपोआप मंद होत जाते. मग वर्षभरात तुमची नाडी चार ठोक्यांनी उतरली, तर ते श्रेय व्यायामाचे की वाढीचे? उत्तर हवे असेल, तर वर्गात दोन गट करा. एका गटाने आठ आठवडे रोज अर्धा तास भरभर चालावे, दुसऱ्याने आपला नेहमीचा दिनक्रम ठेवावा. दोन्ही गटांची सकाळची नाडी आणि १,६०० मीटरचे आकडे आधी व नंतर घ्या. वाढ दोन्ही गटांत सारखीच होईल. जो फरक उरेल, तो बहुतांशी चालण्याचा. शिक्षकांच्या मदतीने दोन्ही गटांच्या सरासरीचे आलेख काढा आणि फरक चार ठोक्यांच्या चुकीपेक्षा मोठा आहे का, ते तपासा.