सव्वासहाला वाचता येणारी पाटी

नोव्हेंबर संपत आला होता. संध्याकाळी सव्वासहाला मी रस्त्याच्या पलीकडच्या रसवंतीपाशी उभा होतो. समोर नव्या गाळ्याच्या शटरवर दोरीने टांगलेली, पांढऱ्या कागदातून कापलेली चार अक्षरं वाऱ्याने हलत होती. शेजारी उभ्या असलेल्या रसवाल्याला विचारलं, "काय लिहिलंय वाचता का?" त्याने डोळे बारीक केले. "घन्वंतरी?" म्हणाला, आणि स्वतःच हसला.

पाट्या बनवणं हा माझा धंदा. आधी ब्रश होता, मग फ्लेक्स आलं, आता एलईडी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या पुढे राज्य मार्गाला लागून हा गाळा होता. फार्मसी झालेली एक मुलगी तिथे मेडिकल टाकत होती. नाव ठरलेलं, धन्वंतरी. या नावाची दुकानं गावोगाव सापडतील, पण पाटीवाल्याला हे नाव सोपं नाही. ध आणि घ यांच्यात लांबून फरक दाखवते ती डोक्यावरची एवढीशी फट. ध ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, घ ची सलग असते. ही फट बुजली की देवांच्या वैद्याचं पार भलतंच होऊन बसतं.

मुलीचे वडील, अण्णा, पहिल्याच दिवशी यादी घेऊन आले होते. नाव, खाली प्रोप्रायटर, दोन मोबाइल नंबर, 'सर्व प्रकारची औषधे मिळतील', जनावरांची औषधे, सवलतीचा टक्का, एका कोपऱ्यात गणपती आणि दुसऱ्यात धन्वंतरीचं चित्र. पाटीची जागा चौदा फूट बाय तीन फूट. मी म्हटलं, "अण्णा, गाडीवरच्या माणसाला ही पाटी किती वेळ दिसणार, ते आधी मोजू."

टेप घेऊन मोजलं. गाडी जिथून जाते तिथून पाटी नऊ मीटर आत. आता दुकानाची पाटी रस्त्याला समांतर असते, म्हणजे येणाऱ्या माणसाला ती समोरून दिसत नाही, कडेने दिसते. साठ मीटरवर असताना अक्षराची रुंदी त्याच्या डोळ्याला जेमतेम सातव्या हिश्शाइतकी भासते. सगळी अक्षरं एकमेकांना चिकटून उभ्या काड्यांची रांग होते. पंचवीस मीटरवर आला की रुंदी एक तृतीयांश दिसू लागते आणि तिथून पुढे वाचता येतं. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. म्हणजे पाटीला मिळाले दोन-सव्वादोन सेकंद. त्यात माणूस दोन शब्द वाचतो. अण्णांच्या यादीत तीसच्या वर होते.

अक्षर केवढं हवं, याचा आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: गाडीतून वाचायचं असेल तर दर साडेतीन मीटर अंतराला एक सेंटिमीटर उंची. पंचवीस मीटरला सात सेंटिमीटर. पण हा हिशोब समोरून दिसणाऱ्या इंग्रजी मोठ्या लिपीचा. आपली पाटी तिरकी दिसते, तेव्हा तिप्पट धरा, एकवीस झाले. त्यात देवनागरीत गाठी, पोटं, जोडाक्षरं. 'न्व' सारखं अक्षर दाट असतं. म्हणून आणखी दीडपट. मी बत्तीस सेंटिमीटर धरले, आणि तेही शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. फ्लेक्सवाले पोरगे इथेच फसतात. ते वेलांटीच्या टोकापासून उंची मोजतात, मग प्रत्यक्ष अक्षर हिशोबाच्या दोन तृतीयांशच निघतं.

बत्तीसच्या उंचीने 'धन्वंतरी मेडिकल' ही एक ओळ चौदा फुटांत बसली, दोन्ही कडांना श्वास घ्यायला जागा राहिली. अण्णांचं म्हणणं, नाव मोठं करा आणि मेडिकल खाली बारीक. मी उलट बोललो. गावातल्या माणसाला दुकान कुठंय ते आठ दिवसांत कळतं. पोराला ताप आलाय म्हणून अंधार पडता पडता मोटारसायकलवर निघालेला वाडीवरचा माणूस 'धन्वंतरी' शोधत नसतो, तो 'मेडिकल' शोधत असतो. शेवटी दोन्ही शब्द एकाच मापाचे ठेवले.

इथे कायद्याच्या दोन गोष्टी मधे येतात. औषध नियम 1945 मध्ये दुकानाने स्वतःला काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, पण स्वतः औषध तयार करून देण्याची सोय नाही, अशा दुकानाला 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स' हे वर्णन. 'फार्मसी' हा शब्द अशी सोय असणाऱ्यांसाठी. 'मेडिकल' हा तर आपला बोलीतला शब्द, पण लोक तोच वाचतात. म्हणून वर्णनाची ओळ खाली, दहा सेंटिमीटरची, दारात उभ्या माणसासाठी. दुसरी गोष्ट मराठीची. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहानातल्या लहान दुकानालाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, आणि शेजारी दुसरी लिपी असेल तर मराठी अक्षर तिच्यापेक्षा लहान चालत नाही. इंग्रजी त्या खालच्या ओळीतच गेलं.

रंगावरून बाप-लेकीचं वाजलं. अण्णांना निळ्यावर लाल हवं होतं. दुपारी ते झकास दिसतं. पण उजेड उतरू लागला की डोळ्याला लाल रंग लवकर काळवंडलेला दिसतो आणि हिरवा-निळा टिकून राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने फुलांकडे बघून हे टिपलं होतं; आपल्या अंगणातल्या जास्वंदीवरही दिसेल. मी अण्णांना त्यांच्याच मोबाइलवर गावातल्या एका निळ्या-लाल पाटीचा फोटो काढून तो काळा-पांढरा करायला सांगितला. अक्षरं फोटोतून गायब झाली. रंग वेगळे होते, पण उजळपणा सारखाच होता, आणि संध्याकाळी डोळा उजळपणावरच वाचतो.

शेवटी गडद हिरवी एसीपी शीट, चमक नसलेली, आणि त्यावर दुधी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं. चमक का नको, तर समोरून गाडीचा दिवा आला की चकचकीत शीटवर पांढरा पट्टा उमटतो आणि नेमकी दोन अक्षरं खातो. पांढरी पाटी आतून पेटवून तिच्यावर हिरवी अक्षरं, असंही करता येतं, पण मग सगळा फलकच ट्यूबलाइटसारखा डोळ्यात जातो.

लाल क्रॉसही अण्णांनी सोडायला लागला. पांढऱ्यावर लाल क्रॉस ही रेडक्रॉसची खूण आहे. जिनिव्हा करार कायदा 1960 प्रमाणे ती परवानगीशिवाय दुकानावर लावता येत नाही. दंड पाचशे रुपयांपर्यंत आहे. सर्रास लावलेली दिसते, ती गोष्ट वेगळी. आम्ही हिरवा क्रॉस केला, आणि तो पाटीवर न ठेवता पाटीच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला काटकोनात बाहेर काढला. साठ सेंटिमीटरचा, दोन्ही तोंडांनी उजळणारा. येणाऱ्याला तो समोरूनच दिसतो, म्हणून साठ मीटरवरून, म्हणजे पाच सेकंद आधी कळतं की पुढे औषधाचं दुकान आहे. मग पाटी वाचायला तो तयार होऊन येतो. मराठी न वाचता येणारा ट्रकवालाही थांबतो. क्रॉसला नगरपंचायतीची परवानगी काढली, आणि तो शेजारच्या हॉटेलच्या पावसाळी ताडपत्रीच्या वर जाईल एवढा उंच बांधला.

आता त्या संध्याकाळीबद्दल. गाळा पूर्वाभिमुख. म्हणजे सूर्य दुकानाच्या मागे मावळतो. आभाळ अजून पिवळं-पांढरं असतं, डोळा त्या उजेडाला सरावलेला असतो, आणि पाटीचं तोंड सावलीत. आठ वाजता कोणतीही पेटलेली पाटी दिसते. अडचणीची वेळ ती ही वीस-पंचवीस मिनिटं. म्हणून कागदाची अक्षरं खऱ्या मापात टांगून त्याच वेळी बघायची, आणि नाव ठाऊक नसलेल्या माणसाकडून वाचून घ्यायचं. मालकाला विचारण्यात अर्थ नसतो, त्याला नाव पाठच असतं.

रसवाल्याच्या 'घन्वंतरी'नंतर मी ध पुन्हा काढला. फट दुप्पट केली आणि डावीकडची गाठ मोकळी केली. पेटलेलं अक्षर अंधारात फुगतं, उजेड कडेबाहेर सांडतो, त्यामुळे कागदावर शोभणाऱ्या फटीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. रेषेची जाडी पाच सेंटिमीटर ठेवली, उंचीच्या साडेसहाव्या हिश्शाच्या आसपास. आणखी जाड केली असती तर ध चं आणि व चं पोट बुजलं असतं. 'वं'वरचा अनुस्वार रेषेपेक्षा मोठा, सात सेंटिमीटरचा केला. शिरोरेषेमुळे शब्दाचा बराचसा भाग एका डब्यात बनतो आणि वायर आतून फिरते, हा देवनागरीचा मोठा फायदा. पण अनुस्वार सुटा असतो. त्याची वायर वेगळी न्यावी लागते, आणि आळस केला की पहिला तोच विझतो.

डब्याची खोली पाच सेंटिमीटर, आणि एलईडी मॉड्यूल एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर. डबा उथळ केला की अक्षरात उजेडाचे ठिपके दिसतात, मक्याच्या कणसासारखे. बारा व्होल्टची लांब माळ एकाच टोकाने जोडली तर शेवटचा 'ल' मंद होतो. म्हणून दोन्ही शब्दांना वेगळी लाइन दिली. प्रत्येक डब्याच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोक.

पहिल्या रात्री पाटी लावली आणि ध परत घ झाला. उजेड जास्त होता. डिमर बसवून तो कमी करत नेला, अण्णा नाराज, "पैसे दिव्याचे दिलेत आणि कमी काय करताय?" त्यांना रस्त्यापलीकडे नेलं. मुलगी आतून डिमर फिरवत होती. एका जागी ध ची फट उघडली, अण्णाच म्हणाले, "बास, इथं राहू दे ताई." तिथे खूण करून ठेवली.

दिवे कधी लावायचे, हे घड्याळाच्या टायमरवर सोडलं नाही. आमच्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या. एकच वेळ लावली तर निम्मं वर्ष चुकते. फोटोसेल बसवला, तोही पाटीच्या मागे नाही. मागे पश्चिमेचं आभाळ उजळ असतं, सेल त्यालाच बघून गप्प बसतो आणि पाटी काळीच राहते. सेल रस्त्याच्या बाजूला, छज्जाखाली, स्वतःच्या क्रॉसचा उजेड लागणार नाही असा लावला.

महिन्याभराने एका कंपनीचा माणूस फुकट पाटी घेऊन आला. त्यात दुकानाचं नाव टाचणीएवढं, बाकी सगळी त्यांच्या मालाची जाहिरात. अण्णांनी ती घेतली. आत फ्रीजच्या वर लावलीय, गणपतीच्या शेजारी.