कोकोपीटचं मीठ रंगावरून कळत नाही

कोकोपीट धुताना आपली नजर पाण्याच्या रंगावर असते. आधी चहासारखं तांबूस पाणी निघतं, मग ते फिकं होतं आणि आपण समाधानाने कुंड्या भरतो. पण तो तांबूस रंग नारळाच्या सोडणातल्या टॅनिनचा असतो. मिठाला रंग नसतो, त्यामुळे स्वच्छ दिसणारं पाणीही खारट असू शकतं.

हे मीठ येतं कुठून? किनाऱ्यावरचा नारळ मुळातूनच सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड शोषतो आणि ते सोडणात साठतं. काथ्यासाठी सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवली असतील, तर त्यात आणखी भर पडते. काथ्या काढल्यावर उरलेला भुसा दाबला की कोकोपीटची वीट तयार होते.

मी 650 ग्रॅमची वीट टबात ठेवून तिच्यावर चार लिटर कोमट पाणी ओतते. थंड पाण्यानेही ती फुलते, फक्त वेळ जास्त लागतो. सुकी वीट हातोडीने फोडू नये; धूळ उडते आणि तंतूंचा चुरा होतो. अर्ध्या तासाने वरचे थर आपोआप सुटतात. मधला गाभा मात्र बऱ्याचदा कोरडाच राहतो. तो बोटांनी मोकळा करून वरून थोडं पाणी शिंपडायचं. अशी गाठ कुंडीत गेली, तर तिथे पाणी मुरत नाही आणि पुढे ती फुगून रोप वर उचलते. नीट फुललेल्या विटेतून आठ-नऊ लिटर भुसा मिळतो.

मग धुणं. भुसा सुती कापडात बांधून पाच-सहा लिटर पाण्यात अर्धा तास बुडवते आणि दाबून निथळते. निथळलेलं पाणी टीडीएस मीटरने मोजते. आरओच्या पाण्यासाठी वापरतात तेच हे छोटं यंत्र. मागच्या विटेच्या वेळी नळाचं पाणी 160 होतं. पहिलं निथळ 1,150 आलं, दुसरं 590 आणि तिसरं 270. दुसऱ्या वेळीच पाणी फिकं झालं होतं. रंगावर विसंबले असते, तर तिथेच थांबले असते. निथळ नळाच्या पाण्याहून शंभर-सव्वाशेच जास्त असेल, तर धुणं पुरे.

एवढं करूनही भुशाच्या कणांना चिकटलेलं सोडियम आणि पोटॅशियम साध्या पाण्याने पुरतं सुटत नाही. ते नंतर रोपाला दिलेलं कॅल्शियम अडवून ठेवतात. टोमॅटो-मिरचीसाठी म्हणून मी पाच लिटर पाण्यात 10-12 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून भुसा रात्रभर भिजत ठेवते. कॅल्शियम त्यांची जागा घेतं. सकाळी एकदा साध्या पाण्याने धुतलं की झालं.

कुंडी भरताना भुसा मुठीत दाबून पाहायचा. दोन-चार थेंब गळले तर ओल बरोबर. धार लागली तर आणखी निथळू द्यावा. नंतर कोवळ्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन करपू लागल्या, तर खत वाढवू नये. आधी कुंडीच्या तळातून येणारं पाणी मीटरने मोजावं.